पाण्याच्या पीईटी बाटल्यांतून होणारे रासायनिक स्थलांतर

पाण्याच्या पीईटी बाटल्यांतून होणारे रासायनिक स्थलांतर म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकमधील काही घटक अत्यल्प प्रमाणात त्यातील पाण्यात उतरण्याची प्रक्रिया होय. पीईटी हे पॉलिएथिलीन टेरेथॅलेट या बहुवारिकाचे संक्षिप्त नाव आहे. बाजारात मिळणाऱ्या अर्ध्या, एक व दोन लिटरच्या पारदर्शक बाटल्या प्रामुख्याने याच द्रव्याच्या असतात. अशा बाटल्यांतून पाण्यात येणाऱ्या घटकांपैकी अँटिमनी या मूलद्रव्याचा अभ्यास सर्वांत सविस्तर झाला आहे. त्याचे स्थलांतर मुख्यतः तापमान आणि साठवणुकीचा काळ या दोन गोष्टींवर अवलंबून असते. सूक्ष्मप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण, पाण्यात मिसळणे ही याहून वेगळी प्रक्रिया आहे. ती विरघळण्यामुळे नव्हे, तर प्रामुख्याने घर्षण व झीज यांमुळे घडते.

## बाटलीचे द्रव्य

पीईटी हे टेरेथॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांच्या संयोगातून तयार होते. इंग्लंडमधील जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये त्याचा शोध लावला. सुरुवातीला त्याचा उपयोग मुख्यतः कापडाच्या धाग्यासाठी होत असे. वायुयुक्त पेयांचा दाब सहन करू शकणाऱ्या पीईटी बाटलीचे एकस्व अमेरिकेतील नॅथॅनिएल वायेथ यांना १९७३ मध्ये मिळाले. बाटलीच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात छापलेला १ हा अंक हे द्रव्य दर्शवतो.

या दोन घटकांची अभिक्रिया वेगाने व्हावी यासाठी उत्प्रेरक वापरावा लागतो. जगभर या कामासाठी बहुधा अँटिमनी ट्रायऑक्साइड हे संयुग वापरले जाते. अभिक्रिया संपल्यावर उत्प्रेरक वेगळा काढला जात नाही, तो प्लास्टिकमध्येच विखुरलेला राहतो. त्यामुळे तयार बाटलीच्या प्रत्येक किलोग्रॅम द्रव्यात साधारणतः २०० ते ३०० मिलिग्रॅम अँटिमनी असते. बाटलीतील पाण्यात आढळणाऱ्या अँटिमनीचा प्रमुख उगम हाच आहे.

बाटलीचे झाकण मात्र पीईटीचे नसते. ते पॉलिप्रॉपिलीन किंवा उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे असते. सूक्ष्मप्लास्टिकाचा विचार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

## स्थलांतराची यंत्रणा

बहुवारिकाच्या लांब साखळ्या थंड असताना जवळजवळ स्थिर असतात. त्यांच्यामध्ये अडकलेला अणू किंवा लहान रेणू फारच मंद गतीने पुढे सरकतो. तापमान वाढते तशी साखळ्यांची हालचाल वाढते आणि या रेणूंना वाट मिळू लागते. पीईटीचे काच-संक्रमण तापमान सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअस आहे. या तापमानाच्या आसपास कडक व काचेसारखे असलेले प्लास्टिक मऊ पडू लागते. उकळते पाणी ओतल्यावर अशी बाटली आक्रसून वेडीवाकडी होते, ती याच कारणाने.

म्हणून तापमान आणि स्थलांतर यांचा संबंध सरळ रेषेत वाढणारा नसतो. २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेल्याने होणारी वाढ थोडी असते, तर ६० अंशांवरून ७० अंशांवर गेल्याने होणारी वाढ अनेक पटींची असते.

सामान्य तापमानाला अँटिमनीचा जो अंश पाण्यात येतो, तो प्रामुख्याने बाटलीच्या आतील पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून येतो. आतील थरांतून नवा पुरवठा होण्यास बराच वेळ लागतो. त्यामुळे थंड पाण्यासाठी तीच बाटली पुन्हा पुन्हा भरल्यास प्रत्येक वेळी अँटिमनीचे प्रमाण वाढत जाईल, अशी अपेक्षा या यंत्रणेवरून करता येत नाही. या घटकाबाबत बाटलीच्या वयापेक्षा तिला मिळालेली उष्णता अधिक महत्त्वाची असते.

## मोजमापे

जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात विल्यम शॉटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी जर्मनीतील एका नैसर्गिक खनिज जलाचा उगमापासून बाटलीपर्यंत पाठपुरावा केला. बाटलीत भरण्यापूर्वी त्या पाण्यात अँटिमनीचे प्रमाण लिटरमागे सुमारे ०.००४ मायक्रोग्रॅम होते. पीईटी बाटलीत भरलेल्या ताज्या पाण्यात ते ०.३६ मायक्रोग्रॅम आढळले. तीन महिन्यांपूर्वी विकत घेतलेल्या त्याच नाममुद्रेच्या पाण्यात ते ०.६३ मायक्रोग्रॅम होते. पाणी तेच असल्याने ही वाढ वेष्टनातून झाल्याचे स्पष्ट झाले.

पुढील वर्षी याच गटाने अनेक देशांतील बाटल्या सहा महिने सामान्य तापमानाला ठेवून पुन्हा मोजल्या. कॅनडातील १४ नाममुद्रांच्या पाण्यात सरासरी १९ टक्के, तर ११ युरोपीय देशांतील ४८ नाममुद्रांच्या पाण्यात सरासरी ९० टक्के वाढ आढळली. बाटलीबंद पाण्यातील अँटिमनी कालांतराने वाढते हे यातून दिसते. तथापि ही वाढ झाल्यावरही मोजलेले प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेल्या मर्यादांपेक्षा सर्वसाधारणपणे पुष्कळ कमी होते. शॉटिक यांच्या संशोधनाचे वृत्त देताना पहिला भाग ठळकपणे सांगितला जातो आणि दुसरा पुष्कळदा वगळला जातो.

## उन्हाचा आणि उष्णतेचा परिणाम

उष्ण प्रदेशात बाटली किती तापते आणि त्याचा परिणाम काय होतो, या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातून मिळाले. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील पॉल वेस्टरहॉफ आणि सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नऊ प्रकारच्या बाटलीबंद पाण्याचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये किलोग्रॅममागे सरासरी २१३ मिलिग्रॅम अँटिमनी होते. पाण्यातील सरासरी प्रमाण सुरुवातीला लिटरमागे ०.१९५ मायक्रोग्रॅम होते आणि २२ अंशांवर तीन महिने ठेवल्यानंतर ०.२२६ मायक्रोग्रॅम झाले. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

उच्च तापमानाला चित्र बदलले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील अँटिमनीची मर्यादा लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगांवरून बसवलेल्या सूत्रानुसार ही मर्यादा ओलांडण्यास सलग लागणारा काळ पुढीलप्रमाणे आहे.

- ६० अंश सेल्सिअस: १७६ दिवस
- ६५ अंश सेल्सिअस: ३८ दिवस
- ७० अंश सेल्सिअस: १२ दिवस
- ७५ अंश सेल्सिअस: ४.७ दिवस
- ८० अंश सेल्सिअस: २.३ दिवस
- ८५ अंश सेल्सिअस: १.३ दिवस

२५ अंशांच्या फरकाने सुमारे सहा महिन्यांचा काळ दीड दिवसाच्या आत येतो. काच-संक्रमण तापमानाकडे जाताना प्लास्टिकची धरून ठेवण्याची क्षमता किती झपाट्याने घटते, हे या आकड्यांतून दिसते.

### उदाहरण: बंद वाहनातील बाटली

वरील काळ सलग उष्णतेसाठी आहेत, तर प्रत्यक्षात बाटली दिवसाचे काही तासच तापते. विदर्भातील चंद्रपूर किंवा नागपूर येथे मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते. अशा वेळी उन्हात बंद करून ठेवलेल्या वाहनाचा अंतर्भाग हवेपेक्षा बराच अधिक तापतो. ॲरिझोनात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कडक उन्हात एक तास उभ्या असलेल्या मोटारींच्या आतील हवेचे तापमान सरासरी सुमारे ४७ अंश, आसनांचे ५१ अंश आणि चालकासमोरील फळीचे ६९ अंश आढळले. म्हणजे एकाच मोटारीत आसनाखाली ठेवलेली बाटली आणि समोरच्या काचेखाली ठेवलेली बाटली यांची स्थिती अगदी भिन्न असते.

बाटली दररोज पाच तास तापते असे मानू. बाटलीतील पाणी ६० अंशांपर्यंत पोहोचले, तर १७६ दिवसांचे ४,२२४ तास भरून यायला सुमारे ८४५ दिवस लागतील. सर्व दिवस उन्हाळ्याचे असतील असे गृहीत धरले, तरीही हा काळ दोन वर्षांहून अधिक आहे. पाणी ६५ अंशांवर पोहोचले, तर ९१२ तास पूर्ण व्हायला सुमारे १८२ दिवस लागतील. ७० अंशांवर मात्र २८८ तास पुरेसे असल्याने सुमारे ५८ दिवसांत, म्हणजे एका उन्हाळ्यातच, मर्यादा ओलांडली जाऊ शकते. हे गणित ढोबळ आहे. पाणी हवेपेक्षा सावकाश तापते, बाटल्यांच्या प्लास्टिकमधील अँटिमनी सारखे नसते आणि उरलेल्या तासांतील अल्प स्थलांतर येथे धरलेले नाही. तरीही त्यातून धोक्याची परिस्थिती कोणती, हे लक्षात येते. दुपारभर मोटारीत राहिलेली एक बाटली चिंतेचे कारण ठरत नाही. पत्र्याचे गोदाम, उन्हातील मालमोटार किंवा दुकानाबाहेरचा उघडा ढीग अशा ठिकाणी आठवडेच्या आठवडे राहिलेला साठा मात्र त्या मर्यादेच्या दिशेने सरकत असतो.

### प्लास्टिकमधील एकूण साठा

एक लिटरच्या बाटलीचे वजन २० ग्रॅम आणि तिच्यातील अँटिमनीचे प्रमाण किलोग्रॅममागे २१३ मिलिग्रॅम मानल्यास बाटलीत एकूण सुमारे ४,२६० मायक्रोग्रॅम अँटिमनी असते. लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमची मर्यादा गाठण्यास त्यातील केवळ ०.१४ टक्का अंश पाण्यात यावा लागतो. वेस्टरहॉफ यांनी सामान्य तापमानाला मोजलेले ०.२२६ मायक्रोग्रॅम हे प्रमाण सर्वस्वी प्लास्टिकमधून आले असे धरले, तरी ते या साठ्याच्या लाखात सुमारे पाच भाग इतकेच भरते. याचा अर्थ बाटलीतील साठा पाण्याच्या मर्यादेच्या तुलनेत मोठा असतो आणि त्याला रोखून ठेवते ती केवळ प्लास्टिकमधील मंद गती. ती गती उष्णतेने वाढते.

## मर्यादा आणि आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी अँटिमनीचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे २० मायक्रोग्रॅम ठरवले आहे. त्यामागील गणित असे आहे: शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दररोज ६ मायक्रोग्रॅम सेवन सह्य मानले, ६० किलोग्रॅम वजनाची प्रौढ व्यक्ती गृहीत धरली आणि या सेवनाचा दहावा हिस्सा पाण्यासाठी राखला, तर दिवसाला ३६ मायक्रोग्रॅम होतात. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या व्यक्तीसाठी ते लिटरमागे १८ भरतात आणि ही संख्या पूर्णांकित करून २० केली आहे. युरोपीय संघाची मर्यादा पूर्वी ५ मायक्रोग्रॅम होती, ती २०२० च्या निर्देशानुसार १० झाली. भारतात बाटलीबंद पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १४५४३ या मानकात ती लिटरमागे ०.००५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम आहे.

अँटिमनीचे मोठे प्रमाण पोटात गेल्यास उलटी, पोटदुखी व अतिसार होतो. बाटलीबंद पाण्यात आढळणारे प्रमाण त्याच्या जवळपासही नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मधील मूल्यमापनात त्रिसंयुज अँटिमनीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले, तर पंचसंयुज अँटिमनीचे वर्गीकरण करता येत नाही असे नमूद केले. या विषयावरील पुरावा मुख्यतः धुळीच्या श्वसनातून होणाऱ्या संपर्काशी निगडित आहे. पीईटी बाटलीतील पाण्यात प्रामुख्याने पंचसंयुज रूप आढळते.

## चव आणि वास

उन्हात तापलेल्या बाटलीतील पाण्याला येणारी ‘प्लास्टिकची चव’ अँटिमनीची नसते. ती बहुधा ॲसिटाल्डिहाइड या संयुगामुळे येते. पीईटी वितळवून बाटलीचा साचा बनवताना उष्णतेने बहुवारिकाचे किंचित विघटन होते आणि हे संयुग तयार होऊन प्लास्टिकमध्ये अडकते. ते पाण्यात अगदी अल्प प्रमाणात असले तरी जिभेला जाणवते. पिकलेल्या फळासारखी गोडसर, किंचित उग्र चव ही त्याची खूण आहे.

त्यामुळे चवीवरून सुरक्षिततेचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. चव आलेल्या पाण्यात अँटिमनी मर्यादेहून खूप कमी असू शकते आणि चव नसलेल्या पाण्यात ते अधिक असू शकते. चव एवढेच सांगते की बाटली तापली होती किंवा दीर्घकाळ साठवली होती.

## बिस्फेनॉल ए आणि थॅलेट यांविषयीचा गोंधळ

बिस्फेनॉल ए हे संयुग पीईटी बनवण्यासाठी वापरले जात नाही. ते पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या, कडक व पारदर्शक प्लास्टिकचा घटक आहे. कार्यालयांत व घरांत उलटे बसवले जाणारे २० लिटरचे पुनर्भरणाचे जार पॉलिकार्बोनेटचेही असतात. त्यांच्या तळाशी ७ हा अंक असतो, मात्र ७ हा अंक इतर अनेक प्लास्टिकांसाठीही वापरला जातो. सिनसिनाटी विद्यापीठातील २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नव्या आणि अनेक वर्षे वापरलेल्या पॉलिकार्बोनेट बाटल्यांनी सामान्य तापमानाला जवळपास सारखेच बिस्फेनॉल ए सोडले. उकळते पाणी भरल्यावर मात्र सोडण्याचा वेग ५५ पटींपर्यंत वाढला. येथेही वापराच्या काळापेक्षा उष्णता निर्णायक ठरली.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल ए चे सह्य सेवन पूर्वीच्या तुलनेत सुमारे २०,००० पटींनी खाली आणले आणि युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी घालणारा नियम केला. म्हणून ‘बिस्फेनॉल ए मुक्त’ असा शिक्का जारवर असल्यास त्याला अर्थ आहे. पीईटी बाटलीवर तो असल्यास विशेष माहिती मिळत नाही.

दुसरा गोंधळ नावातील साम्यामुळे होतो. पॉलिएथिलीन टेरेथॅलेटमधील ‘थॅलेट’ हा बहुवारिकाच्या साखळीत बांधलेला भाग आहे. प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी थॅलेट संयुगे वेगळी असतात. ती प्रामुख्याने पीव्हीसीमध्ये वापरतात, पीईटी बाटलीला त्यांची गरज नसते.

उन्हात किंवा शीतकपाटात ठेवलेल्या बाटलीतून डायऑक्सिन पाण्यात येते, असा संदेश प्रथम ई-मेलमधून आणि नंतर समाजमाध्यमांतून मराठीसह अनेक भाषांत फिरत राहिला आहे. डायऑक्सिन हे क्लोरीनयुक्त पदार्थ जळताना, म्हणजे शेकडो अंश तापमानाला तयार होते. पीईटीमध्ये क्लोरीन नसते. त्यामुळे पाणी गोठल्याने किंवा उन्हात तापल्याने डायऑक्सिन निर्माण होत नाही.

## सूक्ष्मप्लास्टिक

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक कणांना सूक्ष्मप्लास्टिक आणि एक मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांना अतिसूक्ष्म किंवा नॅनोप्लास्टिक म्हणतात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया येथील संशोधकांनी २०१८ मध्ये भारतासह नऊ देशांत घेतलेल्या ११ नाममुद्रांच्या २५९ बाटल्या तपासल्या. त्यांपैकी ९३ टक्के बाटल्यांत सूक्ष्मप्लास्टिक आढळले. १०० मायक्रोमीटरहून मोठ्या कणांची सरासरी लिटरमागे १०.४ होती आणि त्याहून लहान कणांची, ६.५ मायक्रोमीटरपर्यंत, सुमारे ३२५ होती. मोठ्या कणांत निम्म्याहून अधिक वाटा पॉलिप्रॉपिलीनचा होता. हे बाटलीचे नव्हे, तर झाकणासाठी वापरले जाणारे द्रव्य आहे.

झाकणाचा संबंध मिलान विद्यापीठाच्या २०१९ मधील प्रयोगाने अधिक स्पष्ट केला. संशोधकांनी बाटल्यांची झाकणे एकदा, दहा वेळा व शंभर वेळा उघडली आणि लावली. झाकणाच्या व बाटलीच्या गळ्याच्या पृष्ठभागावरील कणांची संख्या त्यासोबत वाढत गेली. बाटली हाताने दाबल्याने मात्र पाण्यातील कणांत लक्षणीय भर पडली नाही. महिनोन्‌महिने वापरल्या जाणाऱ्या बाटलीच्या संदर्भात हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण दिवसातून दहा वेळा उघडलेले झाकण दहाच दिवसांत शंभरचा आकडा गाठते. मूळ बाटली मात्र एकदाच वापरण्याच्या हेतूने बनवलेली असते.

कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी लेसरवर आधारित नवी सूक्ष्मदर्शन पद्धत वापरून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन नाममुद्रांच्या पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे २,४०,००० कण मोजले. त्यांपैकी सुमारे ९० टक्के कण नॅनोप्लास्टिकचे होते. कणांमध्ये बाटलीच्या पीईटीप्रमाणेच पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनही होते आणि त्याचा उगम पाणी शुद्ध करण्याच्या गाळण्यांत असावा, असे संशोधकांनी सुचवले. २०१८ च्या तुलनेत आकडा शेकडो पटींनी वाढला, तो पाणी अधिक दूषित झाल्यामुळे नव्हे. पूर्वी न दिसणारे लहान कण आता मोजता येऊ लागले आहेत. त्यामुळे कणांच्या दोन संख्यांची तुलना करण्यापूर्वी प्रत्येक अभ्यासाने किती आकारापर्यंतचे कण मोजले हे पाहावे लागते.

ऊन या प्रक्रियेत वेगळ्या मार्गाने सहभागी होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे प्लास्टिकच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होऊन तो ठिसूळ बनतो. असा पृष्ठभाग घर्षणाने अधिक सहज झिजतो. बाटलीवर धुरकटपणा, पांढऱ्या रेषा किंवा घडीच्या जागी चिरा दिसणे हे त्या झिजेचे दृश्य लक्षण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार १५० मायक्रोमीटरहून मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी आहे. अतिसूक्ष्म कणांबाबत मात्र निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नव्हती. २०२४ मध्ये इटलीतील संशोधकांनी मानेच्या रोहिणीतून काढलेल्या साक्यात प्लास्टिकचे कण असलेल्या रुग्णांमध्ये पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदवले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्या कणांचा उगम पाण्याच्या बाटलीत होता, असेही त्यातून ठरत नाही. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अन्नातील सूक्ष्म व नॅनोप्लास्टिक मोजण्याच्या प्रमाणित पद्धती ठरवण्यासाठी मार्च २०२४ मध्ये एक प्रकल्प सुरू केला.

## पुनर्वापर आणि जीवाणू

महिनोन्‌महिने तीच बाटली भरून वापरण्यातील तात्काळ आढळणारा दोष रासायनिक नसून जैविक असतो. तोंड लावून प्यायल्याने लाळ व अन्नकण बाटलीत जातात. अरुंद गळ्यामुळे आतून घासता येत नाही आणि गरम पाण्याने धुतल्यास बाटली आक्रसते. ओरखडे पडलेल्या पृष्ठभागावर जीवाणूंचा बुळबुळीत थर जमतो. कॅनडातील कॅल्गरी येथे एका प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या बाटल्यांतील पाणी तपासले असता, सुमारे दोन-तृतीयांश नमुन्यांत जीवाणूंची एकूण संख्या मार्गदर्शक मर्यादेपेक्षा अधिक आढळली. काही नमुन्यांत विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जीवाणूही होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील दूषितीकरण बाटल्यांच्या द्रव्यामुळे नव्हे, तर हाताळणीमुळे झालेले होते.

## सूर्यप्रकाशाने निर्जंतुकीकरण

उन्हात ठेवलेली पीईटी बाटली नेहमीच अपायकारक मानली जात नाही. स्वित्झर्लंडमधील एआवाग ही जलसंशोधन संस्था विकसनशील देशांत एका पद्धतीचा प्रसार करते. तीत गढूळ नसलेले पाणी पारदर्शक पीईटी बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आणि आकाश ढगाळ असल्यास दोन दिवस ठेवतात. अतिनील किरणे आणि उष्णता यांमुळे अतिसारास कारणीभूत होणारे बहुतेक जंतू नष्ट होतात. अशा बाटल्या ६० अंशांपर्यंत तापवून १७ तास उन्हात ठेवल्यावर त्यातील पाण्यात डीईएचपी या प्लास्टिक मऊ करणाऱ्या संयुगाचे प्रमाण लिटरमागे जास्तीत जास्त ०.७१ मायक्रोग्रॅम आढळले. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ८ मायक्रोग्रॅम आहे. जेथे दूषित पाण्यामुळे बालके दगावतात, तेथे काही तासांच्या उन्हाने होणारे स्थलांतर नगण्य ठरते.

## ओळख आणि चाचणी

पाण्यातील अँटिमनी रंग, वास किंवा चव यांवरून ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत वस्तुमान वर्णपटमापनासारखी संवेदनशील पद्धत लागते. घरोघरी वापरले जाणारे टीडीएस मापक येथे निरुपयोगी आहे. ते विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण मिलिग्रॅममध्ये दाखवते, तर अँटिमनीची मर्यादा एका मिलिग्रॅमच्या दोनशेव्या भागाइतकी आहे. प्लास्टिकचे कणही या मापकाला कळत नाहीत, कारण ते विरघळलेले नसतात.

ग्राहकाला तपासता येण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. भरल्याची तारीख पाण्याचा बाटलीतील काळ सांगते. दुकानाबाहेर उन्हात रचलेला ढीग आणि फिकट झालेले वेष्टन उष्णतेचा इतिहास सांगतात. आकार बिघडलेली बाटली काच-संक्रमण तापमानाच्या जवळ जाऊन आल्याचे दाखवते. धुरकट, चिरा पडलेली किंवा झाकणाचे आटे झिजलेली बाटली पुन्हा भरण्यास योग्य राहत नाही. बाटलीत गरम चहा, काढा किंवा उकळते पाणी भरल्यास उन्हातील कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक तापमान तिला मिळते. दीर्घकाळच्या वापरासाठी रुंद तोंडाचे व आतून घासता येणारे पोलादी किंवा काचेचे भांडे वापरल्यास अँटिमनी आणि जीवाणूंचा थर हे दोन्ही प्रश्न टळतात. प्लास्टिकचे झाकण असल्यास त्याच्या झिजेचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

## हे सुद्धा पहा

- अँटिमनी
- पॉलिकार्बोनेट
- बिस्फेनॉल ए
- सूक्ष्मप्लास्टिक
- पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता